खलिफा नामधारी नेमका कधी झाला?

मावळतीचा_प्रवासी

खिलाफत चळवळीवर वाचताना एक प्रश्न डोक्यात बसला तो जाईना, म्हणून धागा काढतोय.

६३२ मध्ये प्रेषितांच्या निधनानंतर अबू बक्र खलिफा झाले. ते सैन्य पाठवत, जकात वसूल करवत, निवाडे करत आणि नमाजही पढवत. म्हणजे सगळं एकाच माणसाकडे. १९२४ मध्ये अंकाराच्या संसदेने ज्या अब्दुलमजीदला देशाबाहेर काढलं त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्याला तर सव्वा वर्षापूर्वी त्याच संसदेने निवडलं होतं. पदाचं नाव मात्र तेच.

तर मधल्या जवळपास तेराशे वर्षांत सत्ता कधी निसटली? १२५८ मध्ये हुलागूने बगदाद बुडवलं तेव्हा? की त्याआधीच? आणि सत्ता गेल्यावरही लोकांना खलिफा हवाच का होता? मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. अभ्यासू मंडळींनी लिहावं.

गडकरी_पुणे

१२५८. मंगोलांनी खलिफा मुस्तासिमला मारलं आणि खिलाफत संपली. पुढे कैरोत त्याच्याच अब्बासी घराण्यातलं कुणीतरी बाहुल्यासारखं ठेवलं होतं. १५१७ मध्ये तुर्की सुलतान सलीमने इजिप्त जिंकल्यावर शेवटच्या अब्बासी खलिफाने रीतसर पद त्याच्या हवाली केलं आणि तेव्हापासून तुर्कांचे सुलतान खलिफा. सरळ आहे.

शमा_नागपूर

खिलाफत चळवळीबद्दल बोलायचं तर गांधीजींनी तिला पाठिंबा द्यायला नको होता असं माझं मत आहे. अली बंधूंनी...

मावळतीचा_प्रवासी

शमाताई, तो विषय मोठा आहे आणि त्यावर इथेच जुने धागे आहेत. मला चळवळ नकोय, पद हवंय. :)

टांकसाळ

गडकरी, १२५८ ला फार उशीर झाला होता. सत्ता त्याच्या तीनशे वर्षं आधी गेली होती. मी जुनी नाणी जमवतो, त्यामुळे मला हा प्रश्न नाण्यांवरून दिसतो. सवड काढून लिहितो.

दोन गोष्टी आधी ध्यानात घ्या. त्या काळात राज्य कुणाचं हे दोन जागी कळायचं: शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजेच्या वेळच्या प्रवचनात, कुणाचं नाव घेतात आणि नाण्यावर कुणाचं नाव आहे. सुरुवातीला या दोन्ही जागी खलिफाचं नाव असे कारण सैन्य आणि खजिना खरोखरच त्याचा होता. नंतर सैन्य गेलं, खजिना गेला, आणि नाव तेवढं राहिलं. हा बदल नाण्यावर डोळ्यांनी दिसतो. दहाव्या शतकातल्या बगदादच्या दिरहमवर एका बाजूला खलिफाचं नाव आहे आणि दुसऱ्या बाजूला अमिराचं, म्हणजे सेनापतीचं. शहर अमिराच्या ताब्यात, खलिफा अमिराच्या तैनातीवर.

तारीखच हवी असेल तर डिसेंबर ९४५. इराणच्या उत्तरेकडच्या डोंगराळ दैलममधून आलेला अहमद बिन बुवैह बगदादमध्ये शिरला. खलिफा मुस्तक्फीने त्याला मुइझ्झुद्दौला हा किताब दिला, त्याच्या दोन भावांनाही दिले. नाण्यांवर नावं घालायची परवानगी दिली. महिनाभरात काय झालं ते ऐका. जानेवारी ९४६ मध्ये दरबार भरलेला असताना दोन दैलमी शिपाई सिंहासनाकडे आले. खलिफाला वाटलं हाताचं चुंबन घ्यायला आलेत, म्हणून त्याने हात पुढे केला. त्यांनी त्या हाताला धरून त्याला खाली खेचलं, त्याचाच फेटा गळ्याभोवती टाकला आणि फरफटत मुइझ्झुद्दौलाच्या घरी नेलं. राजवाडा लुटला गेला. पुढे त्याचे डोळे काढले.

त्याच्या जागी मुती नावाचा दुसरा अब्बासी बसवला. मुस्तक्फीला रोजचे ५,००० दिरहम ठरले होते, मुतीला २,०००. खलिफाला रोजचा भत्ता, तोही अमीर ठरवणार. आता सांगा, १२५८ पर्यंत थांबायची गरज आहे का?

सातारकर_अण्णा

वाचताना सातारचे छत्रपती आणि पेशवे डोळ्यांसमोर आले. गादी साताऱ्याला, कारभार पुण्याला. पेशवा गादीवर बसला की वस्त्रं आणायला साताऱ्यालाच जावं लागे, किंवा तिथून पाठवली जात. खलिफाही वस्त्रंच पाठवायचा ना?

टांकसाळ

अण्णा, अगदी. मानाचा पोशाख, सोबत निशाण आणि नेमणुकीचा कागद. पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. छत्रपतींची वस्त्रं त्यांच्या स्वतःच्या राज्याच्या पेशव्याला मिळत. खलिफाची वस्त्रं मागायला येणारे दूरदूरचे होते आणि एकमेकांचे वैरीही होते. बुखाराचा राजा, गझनीचा राजा, पुढे दिल्लीचा सुलतान. त्यामुळे एका अमिराने खलिफाला कोंडून ठेवलं तरी बाकीच्यांच्या दृष्टीने खलिफाची किंमत संपत नव्हती.

दर्यासारंग

माझा वेगळा मुद्दा. मी रत्नागिरीकडचा. आमच्यात लहानपणापासून शिकवतात की खरे खलिफा चारच, अबू बक्र, उमर, उस्मान, अली. प्रेषितांचं एक वचन, हदीसही आहे की माझ्यानंतर खिलाफत तीस वर्षं, मग बादशाही. ६३२ ते ६६१ मोजलं तर हिशेब बसतो. तेव्हा धाग्याच्या प्रश्नाचं परंपरेने दिलेलं उत्तर ६६१ आहे, ९४५ नाही. मुआविया दमास्कसला बसले आणि त्यांनी मुलाला, यझीदला वारस केलं, तिथेच पद बदललं.

त्या चौघांत एकाचीही निवड बापाकडून मुलाकडे गेलेली नाही आणि दोघांची पद्धत सारखी नाही. अबू बक्र सकीफा नावाच्या मांडवात, मदिनेच्या स्थानिक मुसलमानांशी, अन्सारांशी वादावादी होऊन. उमरना अबू बक्रनी नेमलं. उमरनी मरताना सहा जणांची समिती नेमली, तिने उस्मानना निवडलं. अली तर उस्मानच्या खुनानंतर, शहरात गोंधळ चालू असताना झाले. अबू बक्र कापडाचे व्यापारी. खलिफा झाल्यावर दुसऱ्या दिवशी खांद्यावर कापड टाकून बाजाराला निघाले, तेव्हा लोकांनी अडवून त्यांचा घरखर्च खजिन्यातून ठरवला, असं आमच्या मौलवींनी सांगितलं होतं. तोही भत्ताच. पण तो लोकांनी दिलेला, म्हणजे काम नीट व्हावं म्हणून. मुतीचा भत्ता त्याने काहीच काम करू नये म्हणून.

मावळतीचा_प्रवासी

हे शेवटचं वाक्य फार नेमकं आहे. पण मग ६६१ ला पद घराणेशाहीचं झालं आणि ९४५ ला नामधारी झालं, असे दोन वेगळे बदल मानायचे का?

मुक्ता_लंडन

दोन नव्हे, तीन. मधला तुम्ही सगळेच विसरताय.

खलिफाकडे धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द होता का? मुआवियाच्या उमय्या घराण्यातल्या खलिफांनी तसा दावा केलेला दिसतो. अब्बासींमध्ये मामूनने तो ताणून पाहिला. ८३३ मध्ये त्याने काझी आणि विद्वानांची परीक्षा सुरू केली. कुराण निर्माण केलेलं आहे असं मान्य करा, नाहीतर पद सोडा, कैद भोगा. बगदादच्या अहमद बिन हंबलनी मान्य केलं नाही. त्यांना तुरुंगात घातलं, फटके मारले. पंधरा-वीस वर्षांनी खलिफा मुतवक्किलने हा प्रकार गुंडाळला. जिंकलं कोण? इब्न हंबल. त्यानंतर धर्म काय म्हणतो हे उलेमा, म्हणजे धर्मपंडित सांगणार आणि खलिफा ऐकणार, हे व्यवहारात ठरून गेलं.

हे झालं तेव्हा खलिफाच्या हाती सैन्य होतं, खजिना होता. म्हणजे दैलमी शिपायांनी हात ओढायच्या शंभर वर्षं आधीच पदाचा अर्धा भाग निघून गेला होता. सैनिकी सत्ता गेली हे नाट्यमय आहे म्हणून आपण तेच पाहतो.

गडकरी_पुणे

तरी खलिफा होताच ना १२५८ पर्यंत? हुलागूने मारला म्हणजे मारण्याइतका महत्त्वाचा होता. आणि १५१७ चं हस्तांतरण तर सगळीकडे छापलेलं आहे.

टांकसाळ

१५१७ बद्दल: सलीमने कैरोच्या मुतवक्किलला इस्तंबूलला नेलं हे खरं. पण तो नंतर इजिप्तला परत आला आणि तिथेच १५४३ मध्ये वारला. पद हवाली केल्याचा समारंभ त्या वेळच्या कुणीच नोंदवलेला नाही. कैरोत बसून रोजनिशीसारखा इतिहास लिहिणारा इब्न इयास हे सगळं डोळ्यांनी पाहत होता, त्याच्याकडेही नाही. ती गोष्ट अठराव्या शतकाच्या शेवटी छापून आली. का? १७७४ मध्ये रशियाशी कुचुक कायनार्जाचा तह झाला, क्रिमिया हातून गेला. तिथल्या मुसलमानांवर सुलतानाचा धार्मिक अधिकार तेवढा राहावा यासाठी खलिफा हे नाव तहात वापरलं. मग ते आपल्याकडे कसं आलं हे सांगायला गोष्ट लागली.

गडकरी_पुणे

नोंद नाही म्हणजे घडलंच नाही असं होत नाही. मी माझं मत ठेवतो.

घाटावरची_मैना

मला एक साधी शंका. बुवैही तर शिया होते ना? मग त्यांनी सुन्नी खलिफा ठेवलाच कशाला? अलींच्या वंशातला कुणी बसवायचा होता.

टांकसाळ

मैना, सगळ्यात चांगला प्रश्न. इतिहासकार इब्न अल-असीरने यावर एक हकीकत दिली आहे. मुइझ्झुद्दौलाच्या मनात तसं आलं होतं. जवळच्या एकाने त्याला सावध केलं. त्याचं म्हणणं असं होतं की आत्ताच्या खलिफावर तुमचा किंवा तुमच्या माणसांचा विश्वास नाही, तुम्ही त्याला मारायला सांगितलंत तर ते मारतील. अलींच्या वंशातला बसवलात तर तो खरा खलिफा आहे असं तुमचीच माणसं मानतील, आणि उद्या त्याने तुम्हाला मारायला सांगितलं तर तेही मारतील.

मुइझ्झुद्दौलाने विचार सोडून दिला. ज्याच्यावर आपली श्रद्धा नाही असाच खलिफा त्याला सोयीचा होता. बगदादची बहुसंख्य प्रजा आणि बाहेरचे राजे त्याला मानत होते, तेवढं पुरे.

सातारकर_अण्णा

काय डोकं आहे!! हा सल्लागार नाना फडणविसांच्या तोडीचा.

कोथरूडचा_भाऊ

मी मागे बसून वाचतोय. चालू द्या.

विदर्भ_अर्थ

पैशाकडे कुणी बघत नाहीये. मी हिशेबनीस माणूस, त्यामुळे मला तेच दिसतं. खलिफाची सत्ता का गेली? पगार देता आला नाही म्हणून. खलिफा मुतसिमने तुर्की गुलामांचं सैन्य उभारलं, बगदादकरांशी त्यांचं पटेना म्हणून ८३६ मध्ये त्यांना घेऊन सामर्‍याला राजधानी नेली. ८६१ मध्ये त्याच सैन्यातल्यांनी मुतवक्किलला मारलं. पुढची नऊ वर्षं खलिफे बसवायचे आणि उतरवायचे. कारण दर वेळी तेच, थकलेला पगार.

इराकच्या काळ्या मातीच्या प्रदेशातून, सवादमधून येणारा सारा हा खजिन्याचा कणा होता. तो आटत गेला, दूरचे प्रांत पैसे पाठवेनासे झाले. शेवटी ९३६ मध्ये खलिफा राझीने हात टेकले आणि वासितच्या सुभेदाराला, इब्न राइकला बोलावून सैन्य आणि महसूल दोन्ही त्याच्या हवाली केले. अमीरांचा अमीर असं नवं पद. वजिराला कामच उरलं नाही. म्हणजे माझ्या वहीत तारीख ९३६ आहे, ९४५ नाही. दैलमी आले तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या आधीच दुसऱ्याकडे होत्या.

आणि या इब्न राइकने काय केलं? दुसरा सेनापती बजकम चालून येतोय म्हणून वाटेत पाणी सोडायला नहरवान कालव्याला भगदाड पाडलं. ज्या जमिनीवर सगळ्यांचे पगार चालायचे ती बुडवली. बजकम आलाच.

मुक्ता_लंडन

विदर्भ_अर्थ, ९३६ पटतं. राझीबद्दल जुने इतिहासकार म्हणतात की शुक्रवारचा खुतबा स्वतः नियमित देणारा हा शेवटचा खलिफा. त्याच माणसाने सत्ता कागदावर लिहून दिली.

दर्यासारंग

बुवैहींनी पगाराचं काय केलं मग? त्यांच्याकडे तरी कुठून आले?

विदर्भ_अर्थ

नाहीच आले. मुइझ्झुद्दौलाने रोख देणं शक्य नाही म्हटल्यावर सैनिकांना गावंच तोडून दिली, साऱ्याचा हक्क त्यांचा. त्यात खलिफाच्या खासगी जमिनीही गेल्या. सैनिकाला जमीन टिकवण्यात रस नव्हता. एक गाव पिळून झालं की दुसरं मागायचा. कालवे कोण दुरुस्त करणार?

मावळतीचा_प्रवासी

एवढं सगळं गेल्यावर खलिफा स्वतः काय म्हणत होता? त्याच्या तोंडचं काही मिळतं का? आपण सगळे त्याच्याबद्दल बोलतोय, त्याचा आवाज कुठेच नाही.

टांकसाळ

मिळतं, आणि फार बोलकं आहे. ९७२ ची गोष्ट. रोमी, म्हणजे बायझंटाइन, फौजा वरच्या इराकात घुसल्या, नसीबीनची लूट झाली. तिथले लोक पळून बगदादला आले आणि त्यांनी आरडाओरडा केला की जिहाद कोण करणार. अमीर तेव्हा मुइझ्झुद्दौलाचा मुलगा बख्तियार. तो शिकारीत गुंतला होता. लोकांनी फार लावून धरल्यावर त्याने खलिफा मुतीकडे निरोप धाडला: धर्मयुद्ध हे तुमचं कर्तव्य आहे, पैसे द्या.

मुतीचं उत्तर इतिहासकार मिस्कवैहने दिलं आहे. त्याचा आशय असा की जग माझ्या हाती असतं, पैसा आणि माणसं माझ्याकडे असती, तर ते माझं कर्तव्य होतं. मला पोटापुरतंही पुरत नाही एवढंच माझ्याकडे आहे, बाकी तुमच्या आणि प्रांतोप्रांतीच्या लोकांच्या हाती आहे. जिहाद, हज, राज्यकर्त्याने बघायच्या सगळ्या गोष्टी, यातलं माझ्याकडे काही नाही. तुम्हाला माझ्याकडून मिळतो तो तुमच्या मिंबरांवरचा खुतबा, ज्यात माझं नाव घेऊन तुम्ही प्रजेला शांत ठेवता. तेही नको असेल तर सांगा, मी तिथूनही बाजूला होतो.

आपलं पद काय उरलं आहे याचं इतकं स्वच्छ वर्णन नंतरच्या कुठल्या पंडितानेही केलेलं नाही. आणि त्याचा उपयोग काय झाला? धमक्या आल्या. मुतीला घरातलं सामान, कपडे विकून ४,००,००० दिरहम उभे करावे लागले. बख्तियारने ते स्वतःच्या कामाला वापरले. मोहीम राहिली बाजूला.

मला यातली धमकीच महत्त्वाची वाटते. मी बाजूला होतो, असं तो म्हणाला. म्हणजे त्याला ठाऊक होतं की आपण बाजूला झालो तर बख्तियारचंही अडेल.

घाटावरची_मैना

वाचून कसंतरी झालं. घरातले कपडे विकायला लावले...

मुक्ता_लंडन

टांकसाळ, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. अडलं असतं तर पैसे उकळले नसते. बख्तियारला माहीत होतं की दुसरा अब्बासी बसवता येतो. ९७४ मध्ये बख्तियारविरुद्ध उठलेल्या तुर्की सेनापतीने मुतीला उतरवून त्याच्या मुलाला, ताईला बसवलंच की. अडत होतं ते अब्बासी घराण्यावाचून, त्या माणसावाचून नाही.

टांकसाळ

बगदादपुरतं मान्य. बाहेर मात्र माणूस बदलला की अडायचं. बुखाराचे सामानी मुतीला मानायला तयार नव्हते. बुवैहींनी बसवलेला म्हणून. त्यांनी नऊ-दहा वर्षं आपल्या नाण्यांवर पदच्युत, आंधळ्या मुस्तक्फीचंच नाव ठेवलं. ९९१ मध्ये पुन्हा तेच. बुवैही अमीर बहाउद्दौलाने ताईला उतरवलं आणि कादिरला आणलं, तर सामानी ताईच्या नावानेच नाणी पाडत राहिले.

मग ९९९ मध्ये गझनीच्या महमूदने खुरासान सामान्यांकडून घेतलं. त्याने पहिलं काम काय केलं? खुतब्यात कादिरचं नाव सुरू केलं. कादिरने त्याला यमीनुद्दौला किताब आणि सनद पाठवली. दोघांचंही साधलं. खलिफाला खुरासानची मान्यता मिळाली, गुलामाच्या पोराला राजा म्हणवून घ्यायचा हक्क. सोमनाथवर चालून आलेला हाच महमूद, आणि त्याच्या नाण्यावर बगदादच्या कादिरचं नाव आहे.

धागाकर्त्यांनी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. नव्या राजाकडे तलवार असते, पण कालच्या राजापेक्षा आपला हक्क मोठा हे तलवारीने सिद्ध होत नाही. उद्या तिसरा येईल, त्याच्याकडेही तलवार असेल. म्हणून ज्याच्याकडे तलवार नाही अशा कुणीतरी लिहून द्यावं लागतं.

मुक्ता_लंडन

आणि याचा कायदाही झाला. पुढच्याच शतकात बगदादचे काझी मावर्दी यांनी लिहून ठेवलं की एखाद्याने बळाने प्रांत घेतला तर खलिफाने त्याला नेमणूक द्यावी, म्हणजे शरियतचे निवाडे, लग्नं, काझींच्या नेमणुका कायदेशीर राहतील. खलिफा नसेल तर काझी कुणाच्या अधिकाराने बसणार? सामान्य माणसाच्या बाजूने पाहिलं तर हे फार व्यावहारिक आहे.

दर्यासारंग

यावरून आठवलं. आमचे आजोबा सांगायचे की ते लहान असताना गावच्या मशिदीत जुम्याच्या खुतब्यात तुर्कस्तानच्या सुलतानासाठी दुआ व्हायची. राज्य इंग्रजांचं, गाव कोकणातलं, सुलतान इस्तंबूलला. त्याने कधी गावात एक विहीरही बांधलेली नाही. आजोबांना तो खलिफा म्हणजे आपलं कुणीतरी आहे असं वाटायचं. १९२४ ची बातमी आली तेव्हा त्यांचे वडील दोन दिवस जेवले नव्हते. तुम्ही सगळे सत्ता गेली सत्ता गेली म्हणताय, पण त्या माणसांना सत्तेशी देणंघेणं नव्हतं.

सातारकर_अण्णा

दर्यासारंग, हे लिहिलंत ते बरं केलंत.

नाशिकची_वाट

सगळेच एका दिशेने लिहिताय, की खलिफा घसरतच गेला. तसं नाही. बुवैहींनंतर आलेल्या सेल्जुक तुर्कांची पकड सैल झाल्यावर बाराव्या शतकात बगदादच्या खलिफांनी पुन्हा स्वतःचं सैन्य उभं केलं. मुस्तर्शिद सेल्जुक सुलतानाशी लढायला स्वतः रणात उतरला, पकडला गेला आणि ११३५ मध्ये मारला गेला. पण ११५७ मध्ये मुक्तफीने सेल्जुकांचा बगदादचा वेढा परतवला. नासिर तर ११८० पासून ४५ वर्षं बसला आणि इराकचा खराखुरा राजा होता. म्हणजे हुलागूसमोर उभा राहिलेला मुस्तासिम हा मुतीसारखा भत्त्यावरचा नव्हता. त्याचं लहानसं का होईना, राज्य होतं. गडकरींचं १२५८ तितकंसं चूक नाही.

गडकरी_पुणे

धन्यवाद. कुणीतरी म्हणालं.

टांकसाळ

नाशिकची_वाट, मुद्दा मान्य. पण नासिर इराकचा राजा होता, जगाचा नव्हता. आणि मुस्तासिम मेल्यावर काय झालं ते दिल्लीत बघा. इल्तुतमिशला १२२९ मध्ये बगदादहून वस्त्रं आली होती, तेव्हापासून दिल्लीच्या नाण्यावर खलिफा आहे. १२५८ ला मुस्तासिम मेला. बल्बन गादीवर आला १२६६ मध्ये. त्याच्या चांदीच्या टंक्यावर नाव कुणाचं? मुस्तासिमचं. जलालुद्दीन खिलजीच्या नाण्यावरही तेच. मेलेला खलिफा तीस-पस्तीस वर्षं दिल्लीच्या बाजारात चालत होता.

घाटावरची_मैना

त्यांना बातमी पोचली नव्हती का?

टांकसाळ

पोचली होती. बल्बनच्या दरबारात मंगोलांपासून पळून आलेली माणसं भरली होती. पण नाव काढायचं तर जागी घालायचं कुणाचं?

औंध_निवासी

मुहम्मद तुघलकाचं विसरू नका. दौलताबादवाला. बंडं वाढली तसं त्याला वाटू लागलं की खलिफाच्या परवानगीशिवाय आपलं राज्यच वैध नाही. तेव्हाचा इतिहासकार बरनी लिहितो की परवानगी येईपर्यंत त्याने जुम्याची आणि ईदची नमाज बंद ठेवली. नाण्यांवरून स्वतःचं नाव काढून कैरोच्या मुस्तक्फीचं घातलं. आणि तो मुस्तक्फी १३४० मध्येच वारला होता! १३४४ मध्ये कैरोचा दूत आला, मग नाव बदललं.

प्रवासी इब्न बतूताने तर पाहिलेलं लिहिलंय. अब्बासी वंशातला गियासुद्दीन नावाचा एक माणूस दिल्लीला आला होता. एकदा तो रुसला तेव्हा तुघलक जमिनीवर आडवा झाला आणि त्याला आपल्या मानेवर पाय ठेवायला लावला.

मावळतीचा_प्रवासी

कैरोचा खलिफा स्वतः तेव्हा काय करत होता?

औंध_निवासी

इजिप्तच्या मामलुक सुलतानाच्या नजरेखाली होता. नवा सुलतान बसला की त्याला मान्यता द्यायची. १२६१ मध्ये मामलुक सुलतान बैबर्सने अब्बासी वंशातला एक जण शोधून खलिफा केला, तो लहानशी फौज घेऊन बगदाद परत घ्यायला गेला आणि मारला गेला. दुसरा आणला, त्याला कुठेच जाऊ दिलं नाही. तिथून १५१७ पर्यंत हेच. १४१२ मध्ये एकाला अमिरांनी चक्क सुलतान केलं, तेही आपापसात ठरेना म्हणून. सहा महिन्यांत उतरवला.

सातारकर_अण्णा

टांकसाळराव, आपल्याकडचंही असंच ना? पुण्याच्या टांकसाळीतल्या रुपयावर बादशहाचं नाव असायचं.

टांकसाळ

हो, अंकुशी रुपया. पेशव्यांच्या राज्यात पडलेला, वर अंकुशाची खूण आणि मजकूर फारसीत, मुघल बादशहाच्या नावाचा. दिल्लीत बादशहाला महादजी शिंदे सांभाळत होते तेव्हाही. सराफ नाणं घेताना ओळखीचं नाव बघतो. नाव बदललं की बट्टा लागतो. खलिफाचं नाव टिकण्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं, मात्र हा माझा अंदाज.

विदर्भ_अर्थ

अंदाज पटला नाही. दिरहम तोलून घ्यायचे, नाव वाचून नाही.

टांकसाळ

तोलूनही घ्यायचे, वाचूनही. मोडीत घातलेलं नाणं आणि चालतं नाणं यात फरक आहे. यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

कोथरूडचा_भाऊ

आता मला बोलावंच लागेल. आमच्या पणजोबांच्या डब्यात एक गोल चांदीचं नाणं आहे, दोन्ही बाजूंना चौकटीत अरबी अक्षरं. एका जाणकाराने बल्बनचं म्हटलं होतं. म्हणजे त्यावर त्या मेलेल्या खलिफाचं नाव असेल? खरं आहे हे कसं ओळखायचं?

टांकसाळ

भाऊ, आधी वजन करा. सोनाराच्या काट्यावर ११ ग्रॅमच्या थोडं खाली भरायला हवं. फार हलकं असेल तर शंका. मग कडा बघा. खरं नाणं ठशावर हातोड्याने पाडलेलं, त्याची कड थोडी वेडीवाकडी असते. कडेवरून सगळीकडे एक बारीक शिवण फिरलेली दिसली तर ते साच्यात ओतलेलं आहे. घासून चकचकीत करू नका. वाचायचं म्हणाल तर एका बाजूला वरच्या ओळीत अल-इमाम आणि त्याच्या खाली अल-मुस्तासिम, दुसऱ्या बाजूला सुलतानाचं नाव. बल्बनचं असेल तर साल पुसलेलं असलं तरी चालतं, कारण त्याचं प्रत्येक नाणं खलिफाच्या मृत्यूनंतरचंच आहे. दोन्ही बाजूंचे फोटो उन्हात तिरके धरून काढा आणि इथे टाका.

मुक्ता_लंडन

फोटो येईपर्यंत मूळ प्रश्नाकडे. ६६१, ८३३ नंतरची वर्षं, ९३६, ९४५, १२५८ अशी पाच उत्तरं आली. माझं मत ठाम आहे: धर्मावरचा शब्द गेला तिथे पद बदललं, बाकीचे त्याचे परिणाम. दर्यासारंग, तुमच्या आजोबांना सुलतानाकडून फतवा नको होता, नाव हवं होतं. ते नाव इतकं मोकळं झालं होतं म्हणूनच कोकणापर्यंत पोचलं.

दर्यासारंग

मुक्ताताई, मोकळं म्हणू नका. नावामागे ते पहिले चौघे होते. मुतीच्या नावातही त्यांचीच पुण्याई होती, नाहीतर बुखाराच्या राजाला एका आंधळ्या कैद्याचं नाव नाण्यावर ठेवायची काय गरज?

कोथरूडचा_भाऊ

काट्यावर १०.७ ग्रॅम. शिवण दिसत नाही. ऊन उद्या.